लसीनंतर मांडीत राहिलेली गाठ

«माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. दीड महिन्याच्या लसीनंतर डाव्या मांडीत कडक गाठ आली, ती महिना झाला तरी तशीच आहे. दाबली तरी रडत नाही. डॉक्टरांना दाखवायला हवी का?»

ताई, न दुखणारी, लाल नसलेली, न वाढणारी गाठ असेल तर तातडीने धावपळ करू नका. दुसऱ्या डोसची वेळ आलीच आहे, तेव्हा टोचण्याआधी नर्सताईंना ती हाताने चाचपायला द्या.

मी अनेक वर्षं लसीकरण केलं आहे आणि अशा गाठी भरपूर पाहिल्या. डाव्या मांडीत देतात ती पेंटाची लस. तिच्यात ॲल्युमिनियमचा क्षार असतो. तो लस जागेवर थोपवून धरतो, म्हणून शरीराच्या संरक्षक पेशी तिथे जमतात आणि त्यांचीच गाठ होते. लस स्नायूत जायची ती थोडी वर, चरबीत राहिली तर गाठ होण्याची शक्यता वाढते. तिच्यात पू नसतो, आणि गाठ झाली म्हणून लस वाया गेली असंही होत नाही.

माझ्या भाचीच्या मुलाला अशीच गाठ आली होती. महिन्याने ती बोराच्या बीएवढी होती, साडेतीन महिन्यांचा झाला तेव्हा हरभऱ्याच्या डाळीएवढी, आणि पाचव्या महिन्यात चाचपूनही सापडेना. त्या काळात भाची दर रविवारी बोटाने अंदाज घेऊन वहीत लिहून ठेवायची. तुम्हीही तसं करा, कारण रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही.

मालीशवाल्या बाईंना मात्र स्पष्ट सांगा की तेवढी जागा सोडायची. गाठ चोळून विरघळत नाही. गरम शेक, हळद-चुन्याचा लेप यांनी नाजूक कातडी भाजते, आणि सुई खुपसून बघणं तर अजिबात नको.

पू झालेली गाठ वेगळी दिसते. एका बाळाची गाठ सहाव्या दिवशी लाल आणि गरम झाली, पाय हलवला की ते कळवळायचं, मग मधला भाग मऊ पडला. डॉक्टरांना पू काढावा लागला. असं काही दिसलं, गाठ मोठी होत गेली, किंवा तिच्यासोबत ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. तीन महिन्यांनीही लहान होत नसेल किंवा बाळ ती जागा सारखी खाजवत असेल, तरीही एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.

डाव्या दंडावरची बीसीजीची पुळी वेगळी, ती काही आठवड्यांनी फुटून व्रण राहतो. तिचा आणि या गाठीचा संबंध नाही.

पुढचा डोस चुकवू नका. फक्त सुई गाठीत नको, त्याच मांडीत तिच्यापासून इंचभर तरी दूर द्यायला सांगा.