स्नेहसंमेलनाची तारीख बदलली, आता पालकांच्या ग्रुपवर काय लिहू?

प्रश्न: आमच्या शाळेत तिसरी-चौथीचं स्नेहसंमेलन शनिवार 20 डिसेंबरला दुपारी 4 वाजता होतं. ते आता सोमवार 22 डिसेंबरला सकाळी 10 ला ठरलंय. पालकांच्या ग्रुपवर मेसेज मला टाकायचा आहे. मागच्या वेळी मेसेज टाकूनही दिवसभर फोन येत राहिले आणि काही जण जुन्याच वेळेला आले. या वेळी कसा लिहू?

उत्तर:

पालक-शिक्षक संघाची सहसचिव म्हणून असे मेसेज मी चार वर्षं लिहिले. त्यातला पहिला फसला होता. तो साधारण असा होता:

"सर्व पालकांना कळविण्यात येते की, काही अपरिहार्य कारणास्तव शनिवारी होणारा कार्यक्रम पुढे ढकलण्यात आला असून तो आता सोमवारी सकाळी घेण्यात येईल. तरी सर्वांनी नोंद घ्यावी व सहकार्य करावे."

यात खोटं काही नाही. पण हा वाचून आईनं नेमकं काय करायचं? "नोंद घ्यावी" म्हणजे काहीच करायचं नाही. म्हणून फोन आले आणि बहुतेक सगळे एकाच गोष्टीसाठी आले: "मग शनिवारी शाळा आहे का?" हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. कार्यक्रम हलला की जुन्या दिवसाचं काय होणार, हे घरातल्या माणसाला नव्या दिवसाच्या आधी हवं असतं. डबा करायचा का, गणवेश धुवायचा का, व्हॅन येणार का, सगळं त्यावर ठरतं. तेव्हापासून मी "काय बदललं" यापेक्षा "कोणत्या दिवशी काय करायचं" याच क्रमानं लिहिते.

तुमच्या बदलासाठी मी असा मेसेज लिहीन. शाळेच्या वेळा, जागा, बदलाचं कारण आणि फाटकं मी धरून चालले आहे, ती तुमच्याप्रमाणे बदला.

> *स्नेहसंमेलनाची तारीख व वेळ बदलली (इयत्ता 3री, 4थी)*
> *नवी वेळ: सोमवार, 22 डिसेंबर, सकाळी 10:00.* शनिवारी 20 डिसेंबरला कार्यक्रम होणार नाही. जागा तीच, शाळेचं सभागृह. कारण: शनिवारी सभागृह उपलब्ध नाही.
>
> *शनिवार, 20 डिसेंबर:* नेहमीची शाळा, सकाळी 7:30 ते 11:00. गणवेश, दप्तर, डबा.
>
> *सोमवार, 22 डिसेंबर:* मुलांना पोशाख घालून सकाळी 8:30 ला मागच्या फाटकाशी सोडा. दप्तर नको, पाण्याची बाटली आणि खाऊ द्या. पालकांना पुढच्या फाटकातून 9:30 पासून प्रवेश. कार्यक्रम 12:30 ला संपेल, मुलांना त्यांच्या वर्गातून न्या.
>
> *तुम्ही करायच्या तीन गोष्टी:*
> 1. मूल सोमवारी येणार की नाही, हे खालच्या पोलमध्ये *गुरुवार, 18 डिसेंबर, संध्याकाळी 6:00* पर्यंत नोंदवा. उत्तर आलं नाही तर मूल येणार असं धरू.
> 2. पोशाख भाड्यानं घेतला असेल तर दुकानदाराला परत करायची तारीख मंगळवार, 23 डिसेंबर अशी सांगा.
> 3. व्हॅनच्या किंवा रिक्षाच्या काकांना आजच सांगा: सोमवारी सोडायचं 8:30 ला, न्यायचं 12:30 ला.

आता यात कुठे काय अडतं, ते सांगते.

पहिल्या दोन ओळी सगळ्यांत महत्त्वाच्या. व्हॉट्सॲप लांब मेसेज कापतं आणि खाली "Read more" दाखवतं. खूप पालक ते दाबत नाहीत. सूचना तर फोनच्या वरच्या पट्टीतच वाचून बाजूला सारतात. म्हणून नवी तारीख, वार आणि वेळ तिथेच बसली पाहिजे. "सर्व पालकांना सप्रेम नमस्कार" या ओळीनं ती जागा अडते. नमस्कार मलाही आवडतो, पण या एका मेसेजमध्ये तो शेवटी चालेल. तारखेच्या दोन्ही बाजूंना चांदणी दिली की अक्षर ठळक दिसतं. मात्र पाचसहा जागीच द्या, सगळंच ठळक केलं तर काहीच उठून दिसत नाही.

"पुढे" हा शब्द मी वेळेच्या बाबतीत वापरणं सोडलं आहे. "कार्यक्रम अर्धा तास पुढे घेतला आहे" असं आमच्या वर्गशिक्षिकांनी एकदा लिहिलं होतं. त्यांना म्हणायचं होतं चारऐवजी साडेतीन. अर्ध्या पालकांनी साडेचार धरलं, आणि भाषेच्या हिशेबानं तेही चूक नव्हते. "येत्या शनिवारी" आणि "पुढच्या शनिवारी" यांचंही तसंच आहे. "उद्या" तर अजिबात नको: तुम्ही रात्री दहाला लिहिता, बाबा सकाळी लोकलमध्ये वाचतात आणि उद्या एक दिवसानं सरकतो. वार, तारीख आणि वेळ तिन्ही आकड्यासकट लिहा, आणि वार-तारीख कॅलेंडरला लावून बघा. "रविवार 22" असं चुकून गेलं तर अर्धे पालक वार खरा धरतात आणि अर्धे तारीख. चूक पाठवल्यावर दिसली तर मेसेज पंधरा मिनिटांच्या आतच दुरुस्त करता येतो. त्यानंतर तो सगळ्यांसाठी पुसून नव्यानं टाकावा. खाली "वरच्या मेसेजमध्ये रविवार नाही, सोमवार वाचावे" असं लिहू नका, कारण पुढे फॉरवर्ड होतो तो वरचाच.

कारण एका ओळीत, पण खरं लिहा. "अपरिहार्य कारणास्तव" लिहिलं की ग्रुपवर तर्क सुरू होतात आणि त्या पन्नास मेसेजांखाली तुमची सूचना गाडली जाते. त्यासाठी एक दिवस ग्रुपच्या सेटिंगमध्ये फक्त ॲडमिननाच लिहिता येईल असं करा आणि शंका कुणाला, किती वाजता विचारायच्या तेवढं शेवटी द्या. मेसेज सात दिवसांसाठी पिन करून ठेवा.

उत्तर न आल्यास काय धरणार, ही ओळ पुष्कळ जण लिहीत नाहीत. ती लिहिली नाही तर गुरुवारी रात्री तुम्हीच एकेकाला फोन करत बसता. काय धरायचं, हे कोणती चूक जास्त महाग पडेल त्यावर ठरवा. मूल येणार असं धरलं आणि ते आलं नाही, तर नाचाच्या रांगेत एक जागा मोकळी राहील, ताई ती भरून काढतील. पण येणार नाही असं धरून जागा भरली आणि मूल नटूनथटून दारात उभं राहिलं, तर त्याला काय सांगणार? म्हणून इथे "येणार" धरायचं. सहलीच्या बाबतीत मी नेमकं उलट करते: तिथे पालकांचं लेखी संमतिपत्र आल्याशिवाय मूल बसमध्ये चढत नाही.

पोलमध्ये दोन अडचणी येतात. आई आणि बाबा दोघंही मत देतात, त्यामुळे बेचाळीस मुलांच्या वर्गात एकावन्न उत्तरं आलेली मी पाहिली आहेत. पोलवरचा आकडा धरू नका, हजेरीपट समोर घेऊन एकेका नावापुढे खूण करा. दुसरं म्हणजे पोलमध्ये कुणी काय निवडलं हे सगळ्यांना दिसतं. एखाद्या घरात सुतक असतं, कुणाकडे पोशाखाचे जादा भाडे द्यायला पैसे नसतात, ते लोक मग "नाही" दाबत नाहीत. म्हणून पोलखाली "वैयक्तिक कळवलं तरी चालेल" एवढं जरूर लिहा. पोशाखाच्या दोन जादा दिवसांचं भाडं कोण देणार हे शाळेकडून आधीच विचारून घ्या, कारण हा प्रश्न नक्की येतो. आणि मेसेजच्या "Read by" यादीत ज्यांची नावं दिसतात त्यांनी नुसता ग्रुप उघडलेला असतो, मेसेज त्यांच्यापर्यंत पोचला असं त्यावरून समजू नये. बहुतेक वर्गांत दोनतीन पालक ग्रुपवर नसतात किंवा त्यांना वाचता येत नाही. त्यांची नावं वर्गशिक्षिकांना माहीत असतात. त्यांना फोन करायचा आणि मुलांच्या वहीत चिठ्ठी द्यायची.

जुन्या निमंत्रणाकडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही. माझा पहिला मेसेज फसला त्या शनिवारी काही सामान आणायला मी दुपारी शाळेत गेले होते. बंद फाटकाशी दुसरीतली एक मुलगी उभी होती, हिरवी नऊवारी, नथ, केसांत ताजा गजरा. सोबत आजी. आई-बाबा दोघंही कामावर, ते परस्पर येतील असं आजींना वाटत होतं. सोमवारचा मेसेज आईनं वाचला होता, तिच्या मनात सोमवारच होता. आजीकडे मात्र गणपतीचं चित्र असलेली निमंत्रणपत्रिका होती, घरच्या ग्रुपवर आठवडाभरापूर्वी आलेली. आजी मला फोन पुढे करून दाखवत होत्या, "बघा ना, आजचीच तारीख आहे." आणि ती पोर एका हातानं नथ सावरत फाटकाच्या गजांतून आत बघत होती.

पत्रिका सुंदर असते, म्हणून ती मामा, आत्या, आजी-आजोबा सगळ्यांकडे जाते. बदलाची सूचना वर्गाच्या ग्रुपमध्येच राहते. म्हणून सूचनेबरोबरच नवी पत्रिका तशाच चित्रासह टाका, पण रंग वेगळा ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात "बदललेली तारीख" लिहा. जुनी ग्रुपमधून अजून सगळ्यांसाठी पुसता येत असेल तर पुसून टाका. खाली एक ओळ द्या: "आधीची पत्रिका ज्यांना पाठवली होती, त्यांनाही आजच पाठवा." तुमच्या यादीत ही चौथी गोष्ट म्हणून घाला, मी ती वरच्या मेसेजमध्ये मुद्दाम घातली नाही, कारण पत्रिका तयार नसताना ओळ गेली तर लोक जुनीच पुन्हा पाठवतात.

रविवारी संध्याकाळी सातला आठवण टाका, फक्त सोमवारच्या वेळा, तीन ओळींत. त्यात नवीन काही घालू नका. आणि शनिवारी साडेतीन ते साडेचार कुणीतरी एक जण फाटकाशी थांबा. आम्ही आता दर वेळी थांबतो. मागच्या वर्षी दोन कुटुंबं आली, त्यांतलं एक थेट गावाहून. त्यांना आत बसवलं, चहा दिला, आणि सोमवारच्या वेळा कागदावर लिहून दिल्या.