‘मिडल घेणं’ आणि ‘मिडल लागणं’

प्रश्न: पैजांवरच्या एका लेखात ‘मिडल’ हा शब्द वाचला. कुठे ‘मिडल घेतला’ असं म्हटलंय, कुठे ‘मिडल लागला’. दोन्ही एकच का? आणि दोन्ही बाजूंनी जिंकण्याची शक्यता 25 टक्के असते असं तिथे लिहिलंय, ते बरोबर आहे का?

उत्तर: एकच नाहीत, आणि 25 टक्के हा आकडा तर साफ चुकीचा आहे.

बुकमेकर सामन्याच्या गुणांसाठी जो आकडा ठरवतो ती लाइन; गुण त्याहून जास्त होतील ही पैज म्हणजे ओव्हर, कमी होतील ही अंडर. एकाच सामन्याला दोन बुकमेकरांनी वेगवेगळ्या लाइन दिल्या, तुम्ही खालच्या लाइनवर ओव्हर आणि वरच्या लाइनवर अंडर अशा दोन पैजा लावल्या, की तुम्ही मिडल घेतलात. सामना अजून सुरूही झालेला नसतो. पुढे निकाल त्या दोन लाइनींच्या मधे पडला आणि दोन्ही पैजा जिंकल्या, तर मिडल लागला. घेतलेल्यांपैकी बहुतेक मिडल लागत नाहीत. तरीही ते घेणं फायद्याचं असू शकतं, म्हणून या दोन क्रियापदांची गल्लत करू नये. ‘त्याने मिडल घेतला’ हे वाचून ‘म्हणजे दोन्हीकडून पैसे मिळाले’ असा अर्थ लावला, तर पुढचा सगळा हिशेब डोक्यावरून जातो.

एक उदाहरण घेऊ. एनबीएचा बास्केटबॉल सामना आहे. एका बुकमेकरची टोटल, म्हणजे दोन्ही संघांच्या एकूण गुणांची लाइन, 221.5, दुसऱ्याची 224.5. पहिल्याकडे ओव्हर, दुसऱ्याकडे अंडर. दोन्हीकडे नेहमीचा भाव, म्हणजे 110 लावले तर जिंकल्यावर वर 100 मिळतात. दोन्ही संघांचे मिळून 222, 223 किंवा 224 गुण झाले तर दोन्ही पैजा जिंकतात आणि 200 सुटतात. 221 किंवा त्याहून कमी झाले तर फक्त अंडर जिंकते, 225 किंवा त्याहून जास्त झाले तर फक्त ओव्हर. अशा वेळी एकीकडून 100 येतात, दुसरीकडे 110 जातात, आणि 10 चा तोटा होतो. दोन्ही हरतील अशी बेरीजच नाही.

25 टक्के कुठून आले ते इथेच दिसतं. ओव्हर जिंकायची शक्यता निम्मी, अंडर जिंकायची निम्मी, दोन्हींचा गुणाकार पाव. पण गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा एका गोष्टीचा दुसरीशी काही संबंध नसतो. इथे दोन्ही पैजांचा निकाल एकाच आकड्यावरून लागतो. खरा नियम जास्त सोपा आहे: दोन्ही पैजांच्या शक्यतांची बेरीज करायची आणि त्यातून 100 टक्के वजा करायचे. निदान एक पैज जिंकणारच असल्यामुळे बेरजेतले 100 टक्के तिथेच खर्ची पडतात, आणि वर जे उरतं ती दोन्ही जिंकण्याची शक्यता. ओव्हर 221.5 ची शक्यता 53 टक्के आणि अंडर 224.5 चीही 53 टक्के असेल, तर मिडल लागायची शक्यता 6 टक्के. पाव सोडाच, दहावा हिस्साही नाही.

मग 6 टक्क्यांवर हा खटाटोप परवडतो का? तोटा 10, लाभ 200. वीस वेळा 10 गेले आणि एकदा 200 आले की हिशेब बरोबरीत सुटतो, म्हणजे 21 वेळांत एकदा, 4.76 टक्के. त्याच्या वर जे काही असेल तो तुमचा फायदा. दशांश भावात, म्हणजे 1 लावून जिंकल्यावर मुद्दलासकट किती मिळतात त्या आकड्यात, हेच आणखी चटकन निघतं. 1 ला दोन्ही भावांनी भागा, उत्तरांची बेरीज करा, 1 वजा करा. 110 ला 100 म्हणजे दशांशात 1.91, दोन्हीकडे तो असेल तर बरोबरीची शक्यता 4.7 टक्के येते. दोन्हीकडे 1.95 मिळाला तर ती 2.6 वर उतरते. भाव सारखे नसतील तर रकमा अशा लावायच्या की कुठलीही पैज जिंकली तरी हातात येणारी एकूण रक्कम सारखीच राहील. हा नियम त्याच मांडणीला लागू आहे. लोक लाइनमधलं अंतर मोठ्या हौसेने मोजतात आणि भावाकडे काणाडोळा करतात. 1.91 आणि 1.95 यांतला फरक क्षुल्लक वाटतो, पण त्याने गरजेची शक्यता जवळजवळ निम्म्यावर येते.

आता प्रत्यक्षातली शक्यता. बास्केटबॉलच्या टोटलचं हे सोपं आहे, कारण गुण इतके जास्त होतात की जवळजवळच्या आकड्यांची शक्यता साधारण सारखीच असते. एनबीएत बाजाराच्या लाइनपासून प्रत्यक्ष टोटल किती भरकटते, त्याचं प्रमाण विचलन 18-19 गुणांच्या आसपास धरतात. मी 19 धरतो. विचलन मोठं धरलं की शक्यता कमी निघते, त्यामुळे चुकलोच तर सावधपणाच्या बाजूला चुकतो. निकालांचा पसारा घंटेच्या आकाराच्या वक्रासारखा धरला, तर 0.4 ला 19 ने भागलं की लाइनजवळच्या एका आकड्याची शक्यता मिळते, सुमारे 2.1 टक्के. आपल्या मधल्या जागेत तीन आकडे आहेत, म्हणून 6.3 टक्के. बरोबरीला 4.76 हवे होते, म्हणजे मिडल घेण्यासारखा आहे. शंभर वेळांत सहा-एक वेळा लागेल, बाकी वेळा दर खेपेला 10 जातील, आणि सरासरीने प्रत्येक खेपेला 3 च्या आसपास हाती राहतील, तेही 220 गुंतवून. लाइन 221.5 आणि 223.5 असत्या तर मधे दोनच आकडे, 4.2 टक्के. तो सोडून द्यायचा.

हे 3 नक्की कुठून येतात, हा मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. समजा बाकी सगळे बुकमेकर 223 वर आहेत, म्हणजे आपले दोघं दोन बाजूंना थोडे थोडे सरकलेत. तेव्हा दोन्ही पैजा आपापल्या जागी किंचित फायद्याच्या असतात, प्रत्येकी साधारण 1.6 च्या. पण समजा बाकी सगळे 224.5 वर आहेत आणि पहिल्याने आपली 221.5 ची लाइन बदललेलीच नाही. तेव्हा ओव्हर 221.5 ही एकटीच 56 टक्क्यांची पैज आहे आणि तिची सरासरी 8 वर जाते. अंडर 224.5 मात्र निम्म्या शक्यतेची पैज, बुकमेकरचा कट भरून घेतलेली, सरासरी 5 चा तोटा देणारी. दोन्ही मिळून पुन्हा तेच 3. या दुसऱ्या परिस्थितीत मिडल घेणं म्हणजे चांगल्या पैजेची चढउतार कमी करण्यासाठी दर वेळी 5 मोजणं. मोजायचे तर मोजावेत, मोठ्या रकमेवर ते शहाणपणाचंही असेल. पण नफा मिडलमुळे झाला असं म्हणू नये, तो मागे राहिलेल्या लाइनमुळे झाला. म्हणून दुसरी पैज लावण्याआधी उरलेला बाजार कुठे आहे ते पाहावं.

स्प्रेडमध्ये, म्हणजे सामना किती गुणांच्या फरकाने सुटेल यावरच्या पैजेत, मात्र आकडे नुसते मोजून भागत नाही, कुठला आकडा मधे सापडतो ते बघावं लागतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये फील्ड गोल 3 गुणांचा आणि टचडाउन जादा गुणासह 7 चा, त्यामुळे सामने 3 आणि 7 च्या फरकाने सुटण्याचं प्रमाण बरंच जास्त. एनएफएलमध्ये साधारण 15 टक्के सामने बरोबर 3 च्या फरकाने सुटत आलेत. म्हणून एकीकडे फेव्हरिट उणे 2.5, म्हणजे तो 2.5 हून जास्त फरकाने जिंकायला हवा, आणि दुसरीकडे अंडरडॉग अधिक 3.5, म्हणजे तो 3.5 हून कमी फरकाने हरला तरी चालेल, असे मिळाले तर मधे एकच आकडा असूनही तो मिडल मोलाचा. त्या 15 टक्क्यांत अंडरडॉगने 3 ने जिंकलेले सामनेही आहेत, ते तुमच्या कामाचे नाहीत, एवढं वजा करायला विसरू नका.

सगळ्यात गाजलेला मिडल लागला तो 21 जानेवारी 1979 ला, एनएफएलच्या अंतिम सामन्यात, तेराव्या सुपर बोलमध्ये. पिट्सबर्ग स्टीलर्सची लाइन उणे 3.5 वर उघडली. त्यांच्यावर पैसा येत गेला आणि ती 4.5 पर्यंत चढली, मग डॅलस काउबॉइजवर पैसा आला. चौथ्या क्वार्टरमध्ये स्टीलर्स 35-17 ने पुढे होते. डॅलसने अडीच मिनिटांहून कमी वेळ असताना एक टचडाउन केला, ऑनसाइड किकवर चेंडू परत मिळवला आणि 22 सेकंद उरले असताना दुसरा केला. निकाल 35-31, फरक 4. ज्यांनी स्टीलर्स उणे 3.5 ने आणि काउबॉइज अधिक 4.5 ने घेतले होते त्यांना दोन्हीकडून पैसे मिळाले. 4 वर ज्यांची पैज होती त्यांची ती पुश झाली, लावलेली रक्कम परत. लास वेगासच्या बुकमेकरांनी त्या दिवसाला ‘ब्लॅक संडे’ म्हटलं. पण 4 हा फरक विरळाच, दोन्ही बाजू मिळून वीस सामन्यांत एखादा. फेव्हरिटच्या बाजूचा वाटा त्याहून कमी, म्हणजे नेहमीच्या भावाला लागणाऱ्या 4.76 टक्क्यांच्या खाली. लागला म्हणून तो मिडल घेण्यासारखा होता असं ठरत नाही.

याच गोष्टीतून आणखी एक शब्द लक्षात ठेवा. स्टीलर्स उणे 3.5 ने आणि काउबॉइज अधिक 4 ने अशी जोडी असती, तर फरक 4 पडल्यावर एक पैज जिंकून दुसरी पुश झाली असती. 200 ऐवजी 100 मिळाले असते आणि बरोबरीची शक्यता 4.76 वरून 9 च्या पुढे गेली असती. याला ‘साइड’ म्हणतात. पूर्ण आकड्याच्या लाइनला मिडल समजून हिशेब केला की शक्यता फुगते, तेव्हा अर्धा गुण कुठे आहे ते आधी बघायचं.

शेवटी, शब्दाचा सर्रास होणारा एक गैरवापर. दोन लाइन वेगळ्या दिसल्या की लोक मिडल म्हणून मोकळे होतात, पण दोन्ही पैजांचे नियम एकच आहेत का ते पाहत नाहीत. एका बुकमेकरची टोटल फक्त ठरलेल्या चार क्वार्टर्सची आणि दुसऱ्याची ओव्हरटाइम धरून असू शकते. पहिल्याकडे ओव्हर 221.5, दुसऱ्याकडे अंडर 224.5. चार क्वार्टर्स संपताना 108-108, बेरीज 216, ओव्हर गेली. ओव्हरटाइममध्ये आणखी 21 गुण झाले, बेरीज 237; अंडरही गेली. 10 च्या जागी 220 गेले. दोन्ही हरणं जिथे शक्य आहे ती जोडी, लाइन कितीही लांब असोत, मिडल नव्हे. त्या दोन वेगळ्या पैजा आहेत.