नेटवर्क हॉस्पिटलमध्ये कॅशलेस नाकारलं, आता काय?

प्रश्न: वडिलांना छातीत दुखतंय म्हणून रात्री इमर्जन्सीत ॲडमिट केलं. हॉस्पिटल आरोग्य विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहे, तरी कॅशलेस नाकारलं. काय करू?

उत्तर: डिपॉझिट भरून उपचार सुरू ठेवा. कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. नंतर रीइम्बर्समेंट मागता येतं.

मग हॉस्पिटलमध्ये विम्याचे क्लेम पाहणाऱ्या टीपीए डेस्ककडून नकाराचं पत्र घ्या. ‘होत नाही म्हणाले’ एवढ्यावर परत फिरू नका. बऱ्याचदा गोम केसपेपरमध्ये असते: घाईत डॉक्टर ‘बीपीचा त्रास’ लिहितात, पण कधीपासून ते लिहीत नाहीत. कंपनीला तो पॉलिसीआधीचा आजार वाटतो. अशा वेळी बीपी कधीपासून आहे, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या (खरं तेच, जुन्या कागदांशी जुळणारं) आणि टीपीए डेस्कला ते जुन्या प्रिस्क्रिप्शनसह फेरविचारासाठी पाठवायला लावा. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायचा असतो.

तरीही नकारच आला, तर मूळ बिलं, पावत्या, डिस्चार्ज समरी, रिपोर्ट आणि ते पत्र जोडून क्लेम टाका. ॲडमिट केल्याची खबर मात्र कंपनीला आजच ईमेलने द्या. बहुतेक पॉलिसींत इमर्जन्सीसाठी 24 तासांची अट असते.