डब्याच्या तळाचा फोटो आधी बघा

«बाइकसाठी एक लिटर ऑइलचा डबा घेतला, नेहमीपेक्षा साठ रुपये स्वस्त. टोपण उघडल्यावर आतलं फॉइल एका झटक्यात निघालं. फॉइल, टोपण, लेबल, बॅच नंबर आणि तळ असे पाच फोटो टाकलेत. माल डुप्लिकेट आहे का? गाव कोल्हापूर.»

तळाचा फोटो तुम्ही बहुतेक सहज टाकला असेल, पण पाचांत कामाचा तोच आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

फॉइल सहज निघालं एवढ्यावरून माल खोटा ठरत नाही. कंपनीत टोपण लावलेला डबा इंडक्शन कॉइलखालून जातो, फॉइल तापतं आणि त्याचा प्लास्टिकचा थर डब्याच्या ओठाला चिकटतो. काही सील मुद्दाम सोपी सोलणारी असतात. बघायचं ते ओठाकडे. खऱ्या सीलची खूण पूर्ण गोल आणि सगळीकडे सारख्या रुंदीची उमटते. तुमच्या फोटोत एका बाजूला ती रुंद आहे, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच, आणि मधे पिवळट डिंकाचा थेंब ओठावरून आत ओघळलाय. इंडक्शनमध्ये डिंक लागत नाही. मला हे पटलेलं नाही, पण फोटोत ऑइलचा ओघळही डिंकासारखा दिसतो. थेंबाला नख लावून बघा : डिंक असेल तर रबरासारखा ताणला जाईल.

आता टोपणाची रिंग. टोपण आणि रिंग यांना जोडणारे बारीक पूल असतात, टोपण पहिल्यांदा फिरवलं की ते तुटतात आणि रिंग मानेवर राहते. ओढून तुटलेल्या पुलाचं टोक खडबडीत असतं, बऱ्याचदा पांढरट पडतं. ब्लेडनं कापलेलं सपाट दिसतं. तुमचे पूल नीट ओढून तुटलेत, म्हणजे इथे संशयाला जागा नाही. पण त्यावर खूश होऊ नका. नवी टोपणं रिंगेसकट मिळवणारे लोक आहेत, आणि गरम पाण्यात टोपण मऊ करून रिंग न तोडता उपसणारेही. उपसलेली रिंग पुन्हा बसवली तरी ताणलेली, सैल राहते. तुमची रिंग मानेवर हलते का, ते फोटोत दिसत नाही. बोटानं फिरवून बघा.

लेबलच्या रंगावरून मी काहीच सांगणार नाही. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत लाल रंग विटकरी होतो. बारीक अक्षरं मात्र बघा : त्याच फोटोत, तितक्याच अंतरावर असलेले बॅचचे ठिपके स्पष्ट आहेत आणि पत्त्याची अक्षरं फुगलेली, एकमेकांत मिसळलेली आहेत. फोकस चुकला असता तर दोन्ही पुसट आली असती. म्हणजे छपाईच वाईट आहे.

बॅचवर अंगठा किंवा पेट्रोलचा बोळा घासून परीक्षा घेऊ नका. पेट्रोलनं खरी शाईही जाते, आणि पुरावा आपल्याच हातानं पुसला जातो.

आता तळ. तिथे घड्याळासारखं एक वर्तुळ उठलंय : कडेला १ ते १२, मधे बाण आणि बाणाच्या दोन्ही बाजूंना वर्षाचा एकेक आकडा. हा डबा साच्यातून कधी निघाला त्याची ती खूण. तुमच्या फोटोत वर्ष २५ आणि बाण ६ वर आहे. अंगावर छापलेला पॅकिंगचा महिना मात्र जानेवारी २०२५. जून महिन्यात जन्मलेल्या डब्यात जानेवारीत ऑइल भरलं कुणी?

साच्यावरचा माणूस कधीकधी बाण फिरवायला विसरतो. पण विसरला तर तारीख जुनी राहते, पुढची कधीच येत नाही. म्हणून उलट प्रकार असता, म्हणजे डबा जुना आणि पॅकिंग नवं, तर मी गप्प बसलो असतो. इथे फक्त बाण खरंच ६ वर आहे, उलटा वाचलेला ९ नाही, एवढी खात्री करा (९ असला तरी गणित बिघडतंच म्हणा). फ्लॅश बंद करून, बॅटरीचा उजेड बाजूनं आडवा टाकून पुन्हा फोटो काढा. उठावाची सावली पडली की आकडे वाचता येतात.

माझं मत : डबा नकली आहे. आतलं ऑइल कसं आहे ते कुठल्याच फोटोवरून कळत नाही, पण इंजिनात घालू नका. घातलं असेल तर काढून टाका, फिल्टरही बदला. डबा, टोपण, फॉइल आणि बिल जपून ठेवा. कंपनीचा नंबर लेबलवरून घेऊ नका, लेबलच खोटं असेल तर नंबरचा काय भरवसा? तो कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. दुकानदाराचं नाव इथे टाकू नका, त्यालाही कुणीतरी हाच माल टेकवला असेल.

उद्यमनगरात मी काउंटर चालवत होतो तेव्हा रिकामे डबे टोपणासकट भंगारात द्यायचो, किलोवर. एकदा एक डबा पुन्हा माझ्याच काउंटरवर भरून विकायला आला. मानेजवळ माझ्याच पेनाची खूण होती. तेव्हापासून रिकाम्या डब्याच्या तळाला ड्रिलनं भोक पाडतो, मगच पोत्यात टाकतो.