दर कोणत्या शब्दांवर, ते आधी लिहा

प्रश्न: फ्रीलान्स अनुवादकाला पहिल्यांदाच काम देतोय. ई-मेलमध्ये काय काय लिहावं? शब्दाला दर ठरवला की पुरे ना?

उत्तर: नाही, पुरे नाही. शब्द मूळ फाइलचे मोजायचे की अनुवादाचे, हे लिहिलं नाही तर तो दर अर्धवटच.

मी पुण्यात बरीच वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. एका संस्थेचा मेल आला: ‘आरोग्यपुस्तिका, साधारण ४० पानं, शब्दाला दीड रुपया, शुक्रवारपर्यंत.’ मी होकार दिला. मूळ फाइल १२,४०० शब्दांची, म्हणून मी १८,६०० रुपयांचं बिल पाठवलं. तिकडून फोन आला, “मॅडम, तुमची फाइल ९,८०० शब्दांचीच भरतेय, १४,७०० होतात.”

शब्द कमी भरणारच! ‘डू नॉट गिव्ह द मेडिसिन टु द चाइल्ड ऑन ॲन एम्प्टी स्टमक’ हे बारा शब्द. मराठीत ‘मुलाला रिकाम्या पोटी औषध देऊ नका’, सहा. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि ‘द’, ‘ॲन’ आपल्याकडे नाहीतच. मी काही गाळलं नव्हतं. अनुवादाचे शब्द मोजले तर ‘तपासा’ लिहिणाऱ्याला एका शब्दाचे पैसे आणि ‘तपासणी करण्यात यावी’ लिहिणाऱ्याला तिनाचे. नेटकं लिहिल्याचा दंड मी का भरायचा? मूळ शब्द मोजले तर काम सुरू होण्याआधीच काम देणाऱ्यालाही आणि करणाऱ्यालाही रक्कम कळते. त्या ३,९०० रुपयांसाठी मी दोन महिने भांडले, मिळाले नाहीत.

फाइल कशी हवी तेही त्या मेलात नव्हतं. मी युनिकोडमध्ये वर्ड फाइल दिली. त्यांचा डीटीपीवाला श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम करायचा. फाइल बदलताना रफार उडाले, ‘गर्भवती’चं ‘गभवती’ झालं. छपाईच्या आदल्या रात्री प्रूफ माझ्याकडे आलं आणि ते वाचणं ‘कामातच धरलंय’ म्हणे.

म्हणून मला असा मेल आवडतो: ‘इंग्रजी ते मराठी, सोबतच्या वर्ड फाइलमध्ये १२,४०० मूळ शब्द. चित्रांतला मजकूर वेगळा दिलाय, तोही यात धरलाय. वाचक दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविका. मूळ शब्दाला दीड रुपया, टीडीएस कापून, बिलानंतर ३० दिवसांत. युनिकोड वर्ड फाइल शुक्रवारी १४ तारखेला संध्याकाळी ६ पर्यंत. मांडणीनंतरचं एक प्रूफवाचन, त्याचे वेगळे १,५०० रुपये. शंकांना मी त्याच दिवशी उत्तर देईन.’ आकडे तुमचे घाला. आणि मूळ फाइल आधी जोडा, ती न बघता कुणाकडूनही तारीख मागू नका.

स्कॅन केलेली पानं किंवा हस्तलिखित असेल तर मूळ शब्द सहज मोजता येत नाहीत. तिथे अनुवादाचे शब्द मोजायला माझी हरकत नाही, फक्त दर त्या हिशेबाने चढा हवा. १२,४०० चे ९,८०० होत असतील, तर दीडच्या जागी एक रुपया नव्वद पैसे.