घाटात मुलाला गाडी लागू नये म्हणून काय करता येतं?

प्रश्न: माझ्या ६ वर्षांच्या मुलाला एसटीतही गाडी लागते आणि कारमध्येही. घाट आला की उलटी ठरलेली. मे महिन्यात कोल्हापूरहून रत्नागिरीला जायचंय. गोळी न देता काही करता येईल का?

उत्तर:

हो, बरंच काही करता येतं. माझं माहेर रत्नागिरीचं आणि सासर कोल्हापूरचं, त्यामुळे आंबा घाट लेकीला घेऊन किती वेळा उतरले याची मोजदाद नाही. ती चार वर्षांची असल्यापासून तिला गाडी लागायची. आता दहा वर्षांची आहे, आणि गेल्या काही फेऱ्या उलटीविना झाल्या.

आधी कारण सांगते, म्हणजे पुढचं आपोआप पटेल. गाडी वळते, हेलकावे खाते, ते कानाच्या आतल्या भागाला कळतं. डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ असते, आणि ती जागची हलत नाही. कान म्हणतो हलतोय, डोळे म्हणतात स्थिर आहोत. या गोंधळातून मळमळ सुरू होते. दोन ते बारा या वयात हा त्रास सगळ्यात जास्त असतो. त्यात मुलं बुटकी, मोठ्यांना काचेतून दिसतो तो रस्ता त्यांना दिसतच नाही. ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच दिसलेलं असतं. मुलालाही ते वळण दिसलं पाहिजे, सगळी खटपट त्याचसाठी.

एसटीत मागचं बाकडं आणि मागच्या चाकावरच्या सीट पूर्णपणे टाळा. तिथे गचके आणि झोल सगळ्यात जास्त बसतात. पुढून दुसरी ते पाचवी रांग चांगली. रिझर्व्हेशन करताना सीटचा नकाशा दिसतो, तेव्हाच ती निवडा. अगदी पहिल्या रांगेत मात्र काही गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या मागचं पार्टिशन आडवं येतं आणि पोराला काहीच दिसत नाही. एरवी मुलाला खिडकीशी बसवा, पण घाट सुरू झाला की त्याला मधल्या वाटेच्या बाजूला घ्या. तिथून समोरची मोठी काच दिसते. खिडकीतून जवळची झाडं आणि कठडे सपासप मागे पळताना दिसतात, त्याने डोकं आणखी गरगरतं. खिडकीशी तुम्ही बसा आणि काच थोडी उघडी ठेवा, वारा येत राहू दे. आडव्या बाकांच्या वडाप जीपमध्ये अशा मुलाला बसवूच नका.

कारमध्ये पुढे बसवलं की गाडी कमी लागते, हे खरं आहे. पण एअरबॅगमुळे लहान मुलांची जागा मागेच असते. मागच्या सीटवर मध्यभागी बसवलं तर दोन्ही पुढच्या सीटमधून रस्ता सरळ दिसतो. तिथे खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा असेल तर बूस्टर सीट ठेवा. त्याने मूल उंच बसतं आणि पट्टाही खांद्यावर नीट येतो. काही गाड्यांमध्ये मध्ये फक्त कमरेचा पट्टा असतो, त्यावर बूस्टर चालत नाही. मग बूस्टर कडेच्या सीटवर ठेवा आणि दोन सीटमधल्या फटीतून समोर बघायला शिकवा. डोकं मागे टेकलेलं हवं. मान जितकी हलेल तितका त्रास वाढतो.

मन रमवायला मोबाइल देऊ नका. चित्रांचं पुस्तकही नको आणि रंगवायची वहीही नको. खाली बघितलं की डोळे स्थिर वस्तूवर खिळतात आणि कान हेलकावे मोजत राहतात, म्हणजे तोच गोंधळ पुन्हा. आमच्याकडे सगळ्यात लागू पडलेला खेळ वळणांचा. मलकापूर सोडलं, आंबा गाव मागे पडलं की लेक सरसावून बसते आणि समोर बघून ओरडते, "डावं! आता उजवं! मोठ्ठं डावं!" वळण येण्याआधी सांगायचं, एवढाच नियम. त्यासाठी नजर लांब रस्त्यावर ठेवावीच लागते, आणि शरीर वळणाला आधीच तयार होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून त्या बाजूला हलकेच कलते, तीही कलते. कंटाळली की भेंड्या लावतो किंवा गोष्ट सांगते. कानांनी करायचं काहीही चालतं. झोप आली तर झोपू द्या, मिटलेल्या डोळ्यांना गाडी कमी लागते.

एक चूक मी बरेच दिवस करत होते. दर दहा मिनिटांनी विचारायचे, "मळमळतंय का गं?" विचारलं की तिचं लक्ष पोटाकडेच जायचं. आता विचारत नाही, चेहऱ्यावर नजर ठेवते. बडबडं पोर अचानक गप्प होतं, जांभया देतं, सारखी थुंकी गिळतं, चेहरा पांढुरका पडतो आणि कपाळावर गार घाम येतो. जांभया सुरू झाल्या तेव्हाच उपाय केला तर बऱ्याचदा उलटी टळते.

खाण्याचं म्हणाल तर उपाशीपोटी नेणंही वाईट आणि पोट भरून नेणंही वाईट. सातची गाडी असेल तर साडेपाच-सहाला इडली किंवा मऊ पोळीचा तुकडा द्या. निघताना भरपेट दूध नको, वाटेत मिसळ-वडापाव नको. पुढे तासाभराने मूठभर मुरमुरे किंवा खाकरा, आणि पाणी घोट-घोट. आल्याचा काहींना उपयोग होतो, काहींना अजिबात नाही. आलेपाकाचा छोटा तुकडा चघळायला देऊन बघायला हरकत नाही. चोखायच्या कडक गोळ्या मात्र अगदी लहान मुलाला चालत्या गाडीत देऊ नका, घशात अडकतात. कारमधला सुगंधी डबाही काढून ठेवा, त्या वासाने मळमळ वाढते.

कार असेल तर घाट सुरू होण्याआधी आंब्याला थांबा, मुलाला दहा मिनिटं चालवा. घाटात जो चालवतोय त्याला सांगा, वळणाआधी हळू व्हायचं, वळणात ब्रेक दाबायचा नाही. एसटीत हे आपल्या हातात नसतं. तिथे चेहरा उतरला की काच पूर्ण उघडा, डोकं मागे टेकवून डोळे मिटायला लावा आणि ओला रुमाल कपाळावर ठेवा. तरी उलटी झालीच तर रागावू नका. लगेच पाणी ढोसायला लावू नका, नुसती चूळ भरू द्या. पंधरा-वीस मिनिटांनी चमचा-चमचा ओआरएस द्या. हाताशी दोन जाड पिशव्या, एक टॉवेल आणि एक सदरा असू द्या. हे सामान वर रॅकवर ठेवलं तर वेळेवर मिळत नाही.

औषधाचं एवढंच सांगते, कारण ही चूक घरोघरी होते. पोट बिघडल्यावर डॉक्टर देतात ते ऑन्डान्सेट्रॉनचं सिरप उरलेलं असतं, तेच निघताना पाजतात. गाडी लागण्यावर ते फारसं चालत नाही. त्यासाठीची औषधं वेगळी असतात, ती बहुधा निघण्याआधी अर्धा-एक तास द्यावी लागतात आणि त्यांनी झोप येते. काही मुलं उलट किरकिरी होतात. म्हणून डोस मुलाच्या वजनावरून डॉक्टरांकडूनच घ्या. आणि प्रवास नसतानाही उलट्या होत असतील, डोकं दुखत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर ते गाडी लागणं समजून सोडू नका, मे महिन्याची वाट न बघता दाखवून घ्या.