विडी सोडल्यावर खोकला वाढला, तर सिरप द्यावं का?

प्रश्न : बाबांनी (वय ६४) चाळीस वर्षांची विडी तीन आठवड्यांपूर्वी सोडली. तेव्हापासून खोकला कमी व्हायचा सोडून वाढलाच आहे. सकाळी अर्धा तास खोकतात, बेडके पडतात. दिवसा शिंका, मध्येच उचक्या. बाबा म्हणतात, "विडी होती तेव्हा बरा होतो." खोकला थांबवणारं सिरप द्यावं का?

उत्तर :

सिरप आत्ता देऊ नका. कारण सांगते, पण त्याआधी एक काम : छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आपल्याकडे क्षयरोगासाठी थुंकी तपासतात, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. खोकला विडी सोडल्यामुळेच आहे हे घरी बसून ठरवता येत नाही, आणि चाळीस वर्षं विडी ओढलेल्या माणसाच्या बाबतीत तर मी ते गृहीत धरणारच नाही. बेडक्यात रक्त दिसलं, वजन घटत असलं, ताप येत असला किंवा आवाज बसून राहिला, तर उद्याच जा.

आता कारण. मी फिजिओथेरपिस्ट आहे, छातीचे रुग्ण बघते. बाबांचं "तेव्हा बरा होतो" हे मला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं, आणि ते खोटं नसतं.

श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. एकेका पेशीवर साधारण दोनशे. त्यांच्या भोवती पातळ पाण्यासारखा थर आणि त्यावर चिकट कफाचा थर. धूळ, जंतू, धूर चिकट थरात अडकतात आणि केसांची टोकं तो थर घशाकडे ढकलतात. सेकंदाला दहा-पंधरा वेळा. जाताना केस ताठ होऊन टोकाने कफाला रेटा देतो, परत येताना वाकून खालच्या पातळ थरातून सरकतो, म्हणून कफ मागे येत नाही. स्लॅबच्या कामावर घमेली हातोहात वर जातात, तसं समजा. मुख्य श्वासनळीत हा वेग मिनिटाला साधारण पाच मिलिमीटर धरला, तर अकरा सेंटिमीटरची नळी पार करायला कफाला बावीस मिनिटं लागतात. बारीक नळ्यांत वेग याहून खूप कमी असतो. वर आलेला कफ आपण नकळत गिळतो. निरोगी माणसाला हे दिवसभर चालू असूनही पत्ता नसतो.

हे खरं वाटत नसेल तर आमच्या वर्गातली गंमत सांगते. नाकातही असेच केस असतात. सॅकरीनचा बारीक कण नाकात, पुढच्या टोकापासून थोडा आत, ठेवायचा आणि घशाशी गोड चव कधी येते ते घड्याळावर बघायचं. वीस मिनिटांच्या आत आली तर ठीक, अर्ध्या तासाच्या पुढे गेली तर केसांचं काम मंदावलंय. मला बारा मिनिटं लागली. सिगारेट ओढणाऱ्या एका वर्गमित्राला एकतीस. तो आठवडाभर गप्पच होता. (घरी करू नका, आम्ही सरांच्या समोर केलं होतं.)

धुराने हे केस आखूड होतात, मंदावतात, काही ठिकाणी ती पेशीच जाऊन तिथे केस नसलेली जाड पेशी येते. त्याच वेळी कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे माल जास्त, हमाल कमी. उरलेलं काम खोकला उचलतो. तो मुळात राखीव गडी आहे. केस जन्मतःच हलत नाहीत असा एक दुर्मीळ आजार आहे. ते रुग्ण बरंचसं खोकण्याच्या जोरावर छाती साफ ठेवतात.

खोकताना आधी खोल श्वास जातो, मग स्वरयंत्र साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा घट्ट मिटतं, पोटाचे स्नायू आवळतात, आत दाब चढतो आणि दार एकदम उघडतं. श्वासनळीची मागची भिंत मऊ असते, ती आत दबून वाट अरुंद होते आणि हवा आणखी जोरात सुटते. पण हा झोत मोठ्या नळ्यांतच चालतो. बारीक नळ्यांतला कफ तिथवर आणायला केसच लागतात.

आता बाबांचं गणित. धुरामुळे खोकल्याची जाणीव बोथट झालेली असते. विडी सोडली की दोनेक आठवड्यांत ती परत तीक्ष्ण होते, म्हणजे तोच कफ आता जास्त टोचतो. केसही हळूहळू कामाला लागतात आणि साठलेला माल वर आणू लागतात. रात्री झोपेत खोकला दबलेला असतो, म्हणून सकाळी सगळं एकदम. मागे एक निवृत्त एसटी चालक माझ्याकडे यायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांचीही हीच तक्रार होती आणि परत विडी पेटवायची तयारी. तपासण्या स्वच्छ निघाल्या. सहाव्या आठवड्यात सकाळचं खोकणं दहा मिनिटांवर आलं, चौथ्या महिन्यात बायको म्हणाली, आता मला गजर लावावा लागतो. सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. नळ्या कायमच्या खराब झाल्या असतील तर खोकला उरतो, म्हणून डॉक्टरांकडून फुंकून करायची श्वासाची चाचणीही करून घ्या.

सिरप खोकल्याची जाणीव दाबतं. केस अजून पुरते उभे नाहीत, अशात राखीव गड्यालाही झोपवलं तर कफ आत साचणार. कोडीनवालं सिरप तर दम लागणाऱ्या माणसाला श्वासच मंद करू शकतं. कोरड्या खोकल्याने रात्र जात असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील.

त्याऐवजी सकाळी हे करून घ्या. बसवून पाच-सहा सावकाश श्वास. मग तीन खोल श्वास, प्रत्येक दोन-तीन सेकंद धरून. मग मध्यम श्वास घेऊन तोंड उघडं ठेवून, घसा मोकळा ठेवून "हाऽऽ" असा जोरात सोडायचा, चष्म्याच्या काचेवर वाफ आणतो तसा. एक-दोनदा. कफ वर आल्यासारखा वाटला की एकदाच खोकायचं. असं दहा मिनिटं. जोर लावून खोकत बसल्याने ढिल्या पडलेल्या नळ्या मिटतात आणि कफ आतच अडकतो. "हाऽऽ" मध्ये स्वरयंत्र उघडं असतं, म्हणून तसं होत नाही. चक्कर आली तर थांबा.

शिंक म्हणजे हाच प्रकार नाकासाठी, तिची खबर चेहऱ्याच्या नसेतून मेंदूकडे जाते. दाबून धरू देऊ नका.

उचकी मात्र यांच्या कुळातली नाही. श्वासपटल अचानक आवळतं आणि क्षणात स्वरयंत्र मिटतं, त्याचाच तो आवाज. हवा आत खेचली जाते, साफ काहीच होत नाही. कुणी आठवण काढतंय म्हणून सोडून द्या, पण सलग दोन दिवसांवर गेली तर तपासा.

एक्स-रे आणि थुंकीचा रिपोर्ट आला की इथे लिहा. बेडक्याचा रंग आणि साधारण किती पडतो तेही.